घरातलं घड्याळ

*लग्नाला नऊ वर्षं झाली. नवरा ३९, मी ३६, मुलगी सहा वर्षांची. माणूस चांगला आहे, पण त्याच्यामुळे आम्ही कुठेही वेळेवर पोचत नाही. मी साडी नेसून, मुलीला तयार करून दारात उभी असते तेव्हा हा दाढीला बसतो. ‘झालंच, पाच मिनिटं.’ त्या पाचाची पस्तीस होतात. कुलूप लावलं की परत गॅस बघायला आत. मावसबहिणीकडे बारशाला पोचलो तेव्हा नाव ठेवून झालं होतं. गेल्या गणपतीत गावाला जायची पहाटेची गाडी दादरला डोळ्यांदेखत सुटली. पण ऑफिसची ८.०४ची लोकल त्याची कधी चुकत नाही. मित्रांबरोबर ट्रेकला तर पहाटे चारला उठून जातो. म्हणजे जमतं ना? मग फक्त माझ्याच वेळेला किंमत नाही, असंच ना? मी बोलले की तो गप्प होतो, मी गप्प राहिले की माझंच डोकं फिरतं. हल्ली सातचा कार्यक्रम मी सहाचा सांगते, तेही त्याला कळलंय. पुढच्या महिन्यात ठाण्याला चुलतबहिणीचं लग्न आहे, मुहूर्त सकाळी ११.१२चा. मला कटकटी बायको व्हायचं नाही. पण बोलू कसं?*

*— कायम दारात उभी, डोंबिवली*

प्रिय मैत्रिणी,

आधी एक कबुली देते. मी तुमच्या नवऱ्याच्या जमातीतली आहे. माझ्यासाठी माझे सासरे दारात चपला घालून उभे राहायचे आणि काही न बोलता किल्ल्या वाजवायचे. त्यामुळे थोडा पक्षपात झाला तर सांभाळून घ्या. पण निघायच्या आधी उशीर करणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं ते मी आतून पाहिलं आहे, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला ते दिसत नाही.

समजा साडेपाचला निघायचंय. पाच बावीसला माझं सगळं आवरलेलं असतं. मी घड्याळाकडे बघते आणि मनात येतं, अजून आठ मिनिटं आहेत, नुसतं बसून काय करायचं? दोरीवरचे कपडे तेवढे काढून घेऊ. काढलेल्या कपड्यांचा बोळा पलंगावर टाकून जाववत नाही, म्हणून घड्या घालायला घेते. घड्या घालताना एका मोज्याचा जोडीदार सापडत नाही. तो वॉशिंग मशीनच्या मागे पडलेला असतो. तो काढून वर बघते तर पाच एकेचाळीस. या एकोणीस मिनिटांत ‘राहू दे त्यांना ताटकळत’ असं एकदाही माझ्या मनात आलेलं नसतं. उलट मी वेळेच्या आधी तयार आहे अशा समाधानात मी मोजा शोधत असते. सासरे किल्ल्या का वाजवतायत हे मला खरोखर कळायचं नाही.

तुमचा नवरा अगदी असाच असेल असा माझा दावा नाही. पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात जड वाक्य ‘माझ्याच वेळेला किंमत नाही’ हे आहे, आणि ते तुम्ही पुरावा देऊन लिहिलं आहे. ऑफिसला जमतं, ट्रेकला जमतं, मला घेऊन जाताना जमत नाही. पहिल्या नजरेला हा पुरावा पक्का वाटतो. जरा उलटून पाहू. (तुम्ही त्याला ‘तो’ म्हणता म्हणून मीही तसंच म्हणते.)

८.०४ची लोकल तो एकटा पकडतो, रोज तीच पकडतो. आंघोळ, डबा, पास, मोबाइल, चप्पल हा क्रम इतक्या वर्षांत हाताला बसलेला आहे. त्यात विचार करून ठरवण्यासारखं काही उरलेलं नाही. ट्रेकचं असं की सॅक आदल्या रात्री भरून दाराशी ठेवलेली असते, आणि बस चारला आली नि तो खाली नसला तर बस जाते. त्या दोन्ही ठिकाणी दारात उभं राहून वाट बघणारं कुणी नसतं. म्हणजे वेळ पाळायची आठवण आणि चुकल्याचा फटका, दोन्ही त्याच्याकडेच असतात. तुमच्याबरोबर निघताना आठवण ठेवण्याचं काम तुम्ही करता, फटकाही तुम्ही सोसता. बारशाला ‘काय गं, आत्ता?’ हे तुम्हाला ऐकावं लागलं असणार. त्याला कुणी काही बोललं नसेल, उलट पाण्याचा ग्लास आणि ‘या, या जावईबापू’. घरातलं घड्याळ तुम्ही झाला आहात, आणि घरात एक घड्याळ चालू असलं की दुसऱ्याने कशाला बघावं?

आता दादरची गाडी. तीही बससारखीच ठरल्या वेळी सुटणारी होती, तरी चुकली. म्हणून तो प्रसंग मला सगळ्यात बोलका वाटतो. त्या पहाटे दहा दिवसांसाठी घर बंद करायचं होतं. फ्रिज रिकामा करायचा, पाण्याचा कॉक बंद करायचा, झोपलेली मुलगी उचलायची, तीन बॅगा लिफ्टपर्यंत न्यायच्या. वर्षातून एकदाच करायचं काम, त्याचा सराव कुणालाच नाही आणि कोणी काय करायचं हे बहुधा ठरलेलं नाही. जिथे क्रम हाताला बसलेला आहे तिथे हा माणूस चुकत नाही, जिथे प्रत्येक वेळी नवा अंदाज बांधावा लागतो तिथे चुकतो. माझा अंदाज बरोबर असेल तर ही किंमत न देण्याची गोष्ट नाही, अंदाज चुकण्याची आहे.

आणि या चुकीत तो एकटा नाही. १९९४ साली कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत हातावेगळा होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५. दिलेला शब्द पाळला दहातल्या साधारण तिघांनी. गंमत पुढे आहे. आधीची कामं रखडली होती हे ही मंडळी विसरली नव्हती. फक्त नव्या कामाचा अंदाज बांधताना तो जुना अनुभव हिशेबात घ्यायचाच राहायचा. या वेळी सगळं सुरळीत होईल असं एक चित्र मनात उभं राहायचं आणि त्या चित्रात अडथळे नसायचे. दुसऱ्याच्या कामाचा अंदाज बांधताना मात्र माणूस इतका भाबडा राहत नाही. म्हणूनच तुम्हाला दारातून पस्तीस मिनिटं स्वच्छ दिसतात आणि त्याला आरशासमोर मनापासून पाचच दिसतात. तो ‘पाच मिनिटं’ म्हणतो तेव्हा तो थाप मारत नसतो. (हे वाचून तुम्हाला राग येईल, माहीत आहे. माझ्या सासऱ्यांनाही आला असता.)

त्याच संशोधकांनी आणखी एक करून पाहिलं. अंदाज सांगण्याआधी लोकांना आपल्या आधीच्या अशाच कामाला किती वेळ लागला होता ते आठवायला लावलं आणि या वेळच्या कामाशी त्याची सांगड घालायला लावली. मग अंदाज बराच खरा यायला लागला. हे लक्षात ठेवा, लग्नाच्या दिवशी उपयोगी पडणार आहे.

पण सगळा उशीर अंदाजाचा नसतो, म्हणून त्याच्याशी बोलण्याआधी एक काम तुम्ही एकटीने करा. गेल्या वर्षभरात तुम्ही जोडीने जिथे जिथे गेलात त्यातल्या आठवतील त्या आठदहा वेळा कागदावर लिहून काढा. कुठे गेलो, तिथे कोण भेटणार होतं, निघण्याआधी घरात काय काय करायचं होतं, आणि साधारण किती उशीर झाला. एवढंच. हा कागद त्याला दाखवायचा नाही, नाहीतर ते आरोपपत्र होईल. कागदात तुम्हाला आकार शोधायचा आहे. उशीर सगळीकडे सारखाच असेल, सिनेमालाही आणि त्याच्या बहिणीकडेही, तर वर सांगितलेली अंदाजाची गोष्ट बहुधा खरी. मुलीला घेऊन जातानाच उशीर होत असेल तर प्रश्न कामाच्या वाटणीचा असू शकतो. आणि उशीर ठरावीक घरी जाताना, ठरावीक माणसं असताना होत असेल, तर ते दाढीला बसणं म्हणजे पाय मागे घेणं असू शकतं.

हे शेवटचं मी खूप पाहिलं आहे. एका जोडप्यात (ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलते) नवरा फक्त बायकोच्या माहेरच्या कार्यक्रमांना उशीर करायचा. तिला वाटायचं, माझ्या माणसांचा मान ठेवत नाही. तासभर बोलल्यावर निघालं ते असं. तिचे एक काका प्रत्येक भेटीत खांद्यावर हात ठेवून विचारायचे, ‘मग, स्वतःची जागा कधी घेताय?’ पंगत बसल्यावर पोचलं की काका जेवण वाढण्यात गुंतलेले असतात हे त्याने ताडलं होतं. ते त्याने मुद्दाम ठरवलेलंही नव्हतं. त्या दिवशी इस्त्री जरा सावकाश व्हायची, इतकंच. तिने काकांना एकदा बाजूला घेऊन सांगितलं, ‘जागेचं विचारू नका.’ उशीर संपला नाही, पण तासाचा वीस मिनिटांवर आला.

तुमच्या पत्रातली गॅसची गोष्टही जरा वेगळी ठेवते. निघताना एकदा मागे वळून गॅस बघणं हे निम्म्या महाराष्ट्राला असतं. पण कुलूप, गॅस, नळ असं पुनःपुन्हा बघण्यात दिवसाकाठी तासभर जात असेल, बघून झाल्यावरही जीव शांत होत नसेल, कुणी थांबवलं तर घालमेल होत असेल, तर ती सवय नव्हे, आजार असू शकतो. त्यावर मनोविकारतज्ज्ञांकडे चांगले उपचार आहेत. तसंच, लहानपणापासून वस्तू हरवणं, कामं अर्धवट सोडणं, वेळ कसा गेला ते न कळणं हे सगळं मिळून असेल, तर मोठ्या माणसांतही लक्ष टिकवण्याची अडचण असते, तीही तपासता येते. ऑफिसला वेळेवर जातो म्हणजे तसं नसेलच असं नाही, कारण ऑफिस बाहेरून शिस्त लावतं. आणि एक अगदी साधं कारण, जे लाजेपोटी कुणी सांगत नाही, ते म्हणजे पोट. बाहेर पडायची वेळ झाली की काहींना हटकून दोनदोनदा संडासला जावं लागतं. प्रवासात सोय होईल की नाही या भीतीने ते आणखी वाढतं. बाथरूमचं दार बंद असतं, बाहेरच्याला वाटतं दाढी चाललीय. यातलं काय आहे ते तुम्ही ठरवू नका. ‘तुला ना अमुक आजार आहे’ हे वाक्य भांडणात एकदा निघालं की तो डॉक्टरची पायरी पुढची दहा वर्षं चढणार नाही.

आता बोलण्याचं. दारात बोलू नका, आणि उशिरा पोचून परतताना रिक्षातही बोलू नका. दारात तो धांदलीत असतो, परतताना शरमलेला असतो, आणि दोन्ही वेळा तुम्ही तापलेल्या असता. कुठेच जायचं नाही असा एखादा रविवार पाहा, दुपारचा चहा झाल्यावर, मुलगी खाली खेळायला गेली असताना. वीस मिनिटं पुरतात. बोलणं सुरू ज्या सुरात होतं त्याच सुरात बहुतेक वेळा संपतं. नवविवाहित जोडप्यांचं बोलणं टिपून त्यांच्यावर सहा वर्षं लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकन संशोधकांना वादाच्या पहिल्या तीन मिनिटांवरूनच पुष्कळ काही ओळखता आलं होतं. म्हणून पहिली दोन वाक्यं आधी घोकून ठेवायलाही हरकत नाही.

‘तू नेहमी’ने सुरुवात केलीत तर तो लगेच मनात अपवाद शोधायला लागेल, आणि त्याच्याकडे ८.०४चा अपवाद तयार आहे. त्याऐवजी एकच प्रसंग घ्या आणि त्यात तुमचं काय झालं तेवढं सांगा. ‘बारशाला आपण पोचलो तेव्हा नाव ठेवून झालं होतं. कानात कुर्र करायला मला बोलावलं होतं, माझ्याऐवजी दुसरीने केलं. मला फार वाईट वाटलं.’ (तुमचं जे खरं असेल ते घाला, हे मी कल्पनेने लिहिलंय.) आणि इथे थांबा. ‘तुला त्याचं काही नाही’ हे पुढचं वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. मघाची वाक्यं तुमच्याबद्दल आहेत, ती कुणी खोडू शकत नाही. हे त्याच्याबद्दल आहे, ते तो खोडणारच, आणि मग सगळी दुपार त्यात जाईल.

नंतर विचारा, पण ‘का’ विचारू नका. ‘का उशीर करतोस?’ याला उत्तर म्हणून सबबच येते, कारण खरं कारण त्यालाही माहीत नसतं. ‘कुठे’ विचारा. ‘निघायच्या आधीच्या अर्ध्या तासात तू काय काय करतोस, मला क्रमाने सांग ना. मला दारातून काही दिसत नाही.’ हे कुतूहलाने विचारलंत तर माणूस सांगायला लागतो. सांगता सांगता तोच अडखळेल. ‘आधी पेपर... नाही, आधी फोन चार्जिंगला लावतो. मग शर्टाला इस्त्री नसते...’ मधे बोलू नका. ‘रात्री का नाही करून ठेवत इस्त्री?’ हा सल्ला कितीही शहाणा असला तरी त्या क्षणी तो कटकट आहे. दुसरा प्रश्न असा, ‘कुठे जायचं असलं की तुला निघायला जिवावर येतं?’ उत्तर तुमच्या माणसांबद्दल असू शकतं. असेल तर लगेच त्यांची बाजू घेऊ नका. ‘बरं, हे मला माहीत नव्हतं’ एवढं म्हणून त्या दिवशी सोडून द्या.

तो गप्प बसला तर? बसेल कदाचित. नऊ वर्षं तुमचं बोलणं वाढलं की त्याची बोलती बंद होते, आणि ती बंद झाली की तुमचं आणखी वाढतं. एका दुपारी हे सुटायचं नाही. ‘आत्ता नको तर नको, बुधवारी रात्री जेवण झाल्यावर विचारते’ असं दिवस सांगून उठा, आणि बुधवारी खरंच विचारा.

सातचं सहा सांगणं मात्र आजच बंद करा. यातला तोटा तुमच्या लक्षात आला आहे की नाही कोण जाणे. ज्याला कळलंय की घरात सांगितलेली वेळ तासाने फुगवलेली असते, तो प्रत्येक वेळेतून तास वजा करायला लागतो. दादरच्या गाडीच्या पहाटे तुम्ही खरी वेळ सांगितली असेलही, पण त्याने सवयीने त्यातून काही वजा केलं नसेल कशावरून? त्या रविवारी हेही सांगून टाका, ‘मी वेळ वाढवून सांगायचे. आता सांगणार नाही. सात म्हणजे सात.’ स्वतःची चूक आधी मांडलीत की समोरच्याला आपली मांडायला जागा होते.

आता ११.१२चा मुहूर्त. या एका दिवसाची आखणी करून बघा. तुम्ही नाही, त्याने करायची. तुम्ही फक्त कागद-पेन्सिल आणा आणि उलट्या दिशेने विचारत जा. मला दिसतंय ते असं.

अक्षता मिळायला आणि बहिणीला आधी भेटायला पावणेअकराला कार्यालयात हवं. ठाणे स्टेशनबाहेर सुट्टीच्या दिवशी रिक्षाची रांग, नटलेली मुलगी, आहेराची पिशवी, यात वीस मिनिटं धरा. म्हणजे दहा पंचवीसला ठाण्याला उतरायला हवं. लोकलला पंचवीस मिनिटं, म्हणजे दहाची गाडी. एखादी गर्दीची सोडावी लागेल, म्हणून फलाटावर पावणेदहाला तरी हवं. घरापासून स्टेशन रिक्षाने दहा मिनिटं. आणि घराच्या दारापासून रिक्षात बसेपर्यंत? मुलीच्या बुटाचा पट्टा, कुलूप, गॅस, लिफ्ट, गेटवरचा वॉचमन, रिक्षा मिळणं, यात दहा मिनिटं सहज जातात. म्हणजे चपला पायात नऊ पंचवीसला. तुमच्याकडची अंतरं वेगळी असतील तर आकडे बदला.

आता त्याच्या डोक्यातला हिशेब बघा. ‘डोंबिवली-ठाणे? पंचवीस मिनिटं.’ बस्स. त्यात फक्त गाडी धावते ती मिनिटं आहेत. लिफ्ट, रांग, बुटाचा पट्टा यांना त्याच्या हिशेबात वेळच लागत नाही. म्हणून तो सव्वादहाला निघालो तरी चालेल असं मनापासून समजतो आणि साडेनऊला तुम्ही दारात का उभ्या आहात हे त्याला कळत नाही. हे तुकडे त्यानेच एकेक करून लिहिले तर बेरीज बघून त्यालाच आश्चर्य वाटेल. त्यानंतर मघाचा तो प्रश्न विचारा, ‘मागच्या वेळी आपण तिघं ठाण्याला गेलो तेव्हा घरातून निघून पोचायला किती लागले होते?’ त्याने नऊ पंचवीसऐवजी नऊ चाळीस ठरवलं तर ते मान्य करा. तुमच्या बरोबर आकड्यापेक्षा त्याचा थोडा चुकीचा आकडा तो जास्त पाळेल, आणि पंधरा मिनिटं गेली तरी मुहूर्त गाठला जाईल.

आदल्या रात्री काय होऊ शकतं तेही त्यालाच ठरवू द्या. कपडे, इस्त्री, आहेराचं पाकीट, सुटे पैसे, ट्रेकच्या सॅकसारखे दाराशी. गॅस शेवटी कोण बघणार ते ठरवा. तोच बघणार असेल तर एकदाच बघून मोबाइलवर फोटो काढायचा असं काहीजण करतात. साध्या सवयीला ते पुरतं, पण फोटोही पुन्हापुन्हा बघावा लागत असेल तर मी वर म्हटलं ते मनावर घ्या. आणि आठवण करून देण्याचं काय? विचारा, ‘मी एकदाच सांगेन. किती वाजता सांगू?’ तो म्हणेल त्या वेळी एकदा सांगायचं आणि तोंड मिटायचं. एकदा सांगणं ठरवून झालं असेल तर ती आठवण असते. सातव्यांदा सांगावं लागतं तेव्हा तिची कटकट होते, आणि त्या सातातली सहा वाक्यं तशीही कुणाच्या कानात जात नाहीत.

इथे जरा थांबून तुमच्यासारख्याच, पण उलट्या बाजूच्या वाचकांसाठी एक सांगते. मला खाली गाडीत बसून हॉर्न वाजवणाऱ्या नवऱ्यांचीही पत्रं येतात. ‘हिला कायम उशीर होतो.’ त्यांनी वरचा कागद भरताना बायकोच्या अर्ध्या तासात काय काय आहे ते नीट लिहावं. मुलाची आंघोळ, दुधाचं पातेलं फ्रिजमध्ये, सासूबाईंचं जेवण झाकून, ओला टॉवेल उचलून. त्यातला ओला टॉवेल बऱ्याचदा हॉर्न वाजवणाऱ्याचाच असतो.

तुमच्याकडे परत येते. एवढं करूनही त्या सकाळी तो आरशासमोर असू शकतो. त्याची तयारी आधीच करा, आणि तीही उघडपणे. आदल्या दिवशी सांगा, ‘मी आणि पिल्लू ठरल्या वेळी निघू. तुझं झालं नाही तर तू मागून ये.’ हे धमकीच्या सुरात म्हणायचं नाही, रुसून तर मुळीच नाही. प्रत्येक वेळी असं करता येत नाही. गावच्या गाडीला, दवाखान्याच्या वेळेला तिघांनाच जावं लागतं, तिथे दुसरा उपाय शोधावा लागेल. पण लग्न, बारसं, हळदीकुंकू, वाढदिवस यांना तुम्ही जाऊ शकता. एकदा तसं गेलात की उशिराचा फटका ज्याचा त्याच्याकडे जातो, ८.०४ला जातो तसा. उशिरा, एकट्याने, सगळ्यांच्या देखत मांडवात शिरताना काय वाटतं ते त्याला कळेल. तुम्हाला त्याबद्दल एक शब्द बोलावा लागणार नाही, आणि कृपा करून बोलूही नका.

दोनचार महिन्यांत काहीच हललं नाही, त्याला तुकडे दिसले, बेरीज पटली, तुम्हाला काय वाटतं तेही ऐकलं, आणि तरी ‘असं असतंच’ म्हणून खांदे उडवले, तर मग मला पुन्हा लिहा. तेव्हा पत्र मिनिटांबद्दल नसेल, आणि माझं उत्तरही वेगळं असेल. किंवा जोडप्यांशी बोलणाऱ्या समुपदेशकाकडे दोघं जा. तो ‘नाही’ म्हणाला तर आधी एकट्या जा.

तोवर लग्नाच्या सकाळचं एवढंच. ठरलेली वेळ झाली आणि त्याच्या खांद्यावर टॉवेल असला, तर बाथरूमच्या दाराशी जाऊन ‘आम्ही निघतो, कार्यालयात भेटू’ म्हणायचं, नेहमीच्या आवाजात. लिफ्टचं बटण दाबायचं. कार्यालयात मोठ्या मावशी सगळ्यांसमोर विचारतील, ‘जावई कुठेत गं?’ तेव्हा त्याचा उशीर झाकायचाही नाही आणि त्याचं गाऱ्हाणंही सांगायचं नाही. ‘येतोय मागून’ म्हणा आणि बहिणीला भेटायला आत जा.